नवी मोठी सोन्याची ठिकाणं का सापडत नाहीत? साठे, खाणी आणि पुढचा पुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोन्याचा भाव चढला की "जगातलं सोनं संपत आलंय" असे संदेश फिरायला लागतात. त्यात एक गोष्ट खरी असते आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. सोनं संपत नाहीये, पण मोठी नवी ठिकाणं सापडणं मात्र खरोखर कमी झालंय. या दोन गोष्टींत काय फरक आहे आणि त्याचा पुढच्या पुरवठ्यावर काय परिणाम होतो, ते इथे पाहू.

पृथ्वीवरचं सोनं १७-१८ वर्षांत संपणार, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. पण हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था दरवर्षी जगातल्या खाणींतल्या साठ्याचा अंदाज देते. सध्याचा अंदाज ६० हजार टनांच्या आसपास आहे. खाणींतून दरवर्षी साधारण ३,३०० ते ३,६०० टन सोनं निघतं. भागाकार केला की १७ ते १९ वर्षं येतात.

हाच भागाकार २००५ साली केला असता तर काय आलं असतं? तेव्हा त्याच संस्थेचा अंदाज ४२ हजार टनांचा होता आणि वर्षाचं उत्पादन सुमारे २,५०० टन. म्हणजे तेव्हाही १७ वर्षंच. त्यानंतरच्या वीस वर्षांत जगाने ५५ हजार टनांहून जास्त सोनं खणून काढलं. २००५ साली "शिल्लक" म्हणून दाखवलेला सगळा साठा केव्हाच उपसून झाला, त्यावर आणखी काही हजार टन काढले, आणि आजचा साठा त्या वेळच्या साठ्यापेक्षा मोठा आहे.

याचं कारण साठा या कल्पनेतच आहे. जमिनीत एकूण किती सोनं आहे याची ती मोजणी नाही. कणगीत आज किती धान्य आहे त्यावरून शिवार किती वर्षं पिकेल हे कळत नाही, तसंच हे आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या कामाला पुरेल एवढा साठा कंपनी पक्का करून ठेवते. त्याहून पुढचा पक्का करायला आज पैसे घालवण्यात तिला फायदा नसतो.

मग "साठा" ठरवतात कसा?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सोन्याच्या बातम्यांतला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

एखाद्या ठिकाणी सोनं असावं असं वाटलं की तिथे बोअर मारतात. ड्रिलमधून खडकाचा लांबच लांब दंडगोल बाहेर येतो, त्याला कोअर म्हणतात. तो उभा चिरतात. अर्धा भाग पेटीत जपून ठेवतात, अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि मीटर-दीड मीटरच्या प्रत्येक तुकड्यात टनामागे किती ग्रॅम सोनं आहे ते काढलं जातं. बोअर एकमेकांपासून लांब असतील तर मधल्या खडकात काय आहे ते अंदाजानेच सांगावं लागतं. या पायरीला अनुमानित साठा म्हणतात. बोअर जवळजवळ मारत नेले की खात्री वाढते. पण हे सगळं अजून "खडकात सोनं आहे" एवढंच सांगतं.

यापुढचा प्रश्न पैशांचा असतो. खाण बांधायला किती खर्च येईल, खडक फोडून सोनं वेगळं करताना किती वाया जाईल, पाणी, वीज, परवाने आहेत का, आणि सोन्याचा भाव काय धरायचा? हे सगळं मांडूनही नफा उरतो, तेवढाच भाग पक्का साठा म्हणून लिहिता येतो. मोठ्या कंपन्या हिशोबात बाजारभावापेक्षा बराच कमी भाव धरतात. बाजारात औंसाला २,००० डॉलर मिळत होते, तेव्हाही अनेकींचे साठे १,३००-१,४०० डॉलरच्या भावाने मोजलेले होते. धरलेला भाव वाढवला की काल ज्याला कचरा म्हणत होतो तो खडक आज साठ्यात येतो. एक ग्रॅम सोनं नव्याने न सापडताही साठा वाढतो तो असा. भाव पडला की उलटं होतं.

सोनभद्रला तीन हजार टन सोनं सापडलं होतं ना? त्याचं पुढे काय झालं?

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी देशभर झळकली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेकडचं सोनं सहाशे-साडेसहाशे टन होतं. म्हणजे बातमी खरी असती तर एका टेकडीत देशाच्या राखीव सोन्याच्या चौपट-पाचपट सोनं निघालं असतं.

दोन-तीन दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे जीएसआयने, खुलासा केला. १९९८ ते २००० या काळात केलेल्या पाहणीत तिथे सुमारे ५२,८०६ टन खडक आढळला होता आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं होतं. गुणाकार स्वतः करून पाहा : ५२,८०६ गुणिले ३.०३ म्हणजे साधारण १ लाख ६० हजार ग्रॅम. एकशे साठ किलो. टन सोनं आणि टन खडक यांत गल्लत झाली की किती फरक पडतो, ते याहून स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सोन्याच्या कुठल्याही बातमीत तीन गोष्टी शोधाव्यात : खडक किती टन, टनामागे सोनं किती ग्रॅम, आणि हा आकडा अनुमानाचा आहे की पक्क्या साठ्याचा. तिन्ही नसतील तर बातमी अपुरी आहे असं समजायला हरकत नाही.

साठा घटत नसेल तर कमी काय होतंय?

नव्या मोठ्या ठिकाणांचा शोध. एस अँड पी ग्लोबल ही संस्था किमान २० लाख औंस, म्हणजे सुमारे ६२ टन सोनं असलेल्या ठिकाणाला मोठा शोध मानते. १९९० ते २०२३ या काळात तिने असे ३५० शोध नोंदवले. त्यांतले बहुतेक १९९० च्या दशकातले आणि २००० च्या दशकातले. २०२० नंतरचे जेमतेम पाच, आणि तेही आकाराने लहान.

साठा मग वाढतो कसा? मुख्यतः जुन्या ठिकाणांच्या आजूबाजूला आणि खाली आणखी बोअर मारून, आणि भाव वाढल्यामुळे हलका, म्हणजे टनामागे कमी सोनं असलेला खडक हिशोबात धरून. दोन्हींना मर्यादा आहे. जुन्या खाणीच्या कडेला मिळणारी भर हळूहळू खोल आणि हलकी होत जाते.

या आकडेवारीची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. शोध ज्या वर्षी लागला त्या वर्षाच्या खात्यावर त्याचं सगळं सोनं मांडलं जातं, आणि ठिकाण किती मोठं आहे हे कळायला दहा-दहा वर्षं लागतात. आज पाच लाख औंसाचं दिसणारं ठिकाण पुढे चाळीस लाखांचं निघू शकतं. त्यामुळे अलीकडची वर्षं तक्त्यात नेहमीच जरा जास्त रिकामी दिसतात. पण ही सूट दिली तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांतली घसरण पुसली जात नाही. ती खरी आहे.

पण शोध कमी का झाले? तंत्रज्ञान तर सुधारलंय.

पहिलं कारण साधं आहे. उघड्यावर दिसणारं सोनं आधी सापडलं. दक्षिण आफ्रिकेतला विटवॉटर्सरँड १८८६ साली सापडला तो पृष्ठभागावर आलेल्या थरामुळे. हजारो वर्षं माणसाने नदीची वाळू गाळून, चमकणाऱ्या शिरा शोधून सोनं काढलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डोळ्यांना दिसणारी ठिकाणं बऱ्यापैकी संपली होती.

मग एक नवी कल्पना आली. अमेरिकेत नेवाडामध्ये कार्लिन गावाजवळ १९६१ साली न्यूमाँट कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक सोनं शोधलं. दगड हातात घेतला तर तो साधा करडा दगड, थाळीत पाण्याने गाळला तर काही हाती लागत नाही, पण प्रयोगशाळेत सोनं निघतं. १९६५ मध्ये खाण सुरू झाली. पाठोपाठ हलक्या खडकाचे ढीग रचून त्यांवरून सायनाइडचं द्रावण झिरपवायचं आणि सोनं विरघळवून घ्यायचं, ही स्वस्त पद्धत पसरली. टनामागे एक ग्रॅमसुद्धा परवडू लागलं. १९८० आणि ९० च्या दशकात शोधांची जी लाट आली ती मुख्यतः यामुळे : जुन्याच भूभागात नव्या नजरेने पाहिलं आणि ज्याला कोणी विचारलं नव्हतं ते मोलाचं ठरलं. त्या तोडीची दुसरी कल्पना त्यानंतर आलेली नाही. माझ्या मते शोध आटण्याचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. उपकरणं सुधारली, पण पाहायला नवा प्रकार मिळाला नाही.

दुसरं कारण म्हणजे झाकण. उरलेली बरीच संभाव्य ठिकाणं वाळू, गाळ, लाव्हा किंवा नंतर साचलेल्या खडकाखाली आहेत. तिथे मातीचा नमुना घेऊन काही कळत नाही, सरळ बोअर मारावा लागतो. दोनशे मीटर झाकणातून खाली जाणारा प्रत्येक बोअर महाग, आणि बहुतेक रिकामे निघतात.

तिसरं कारण पैशांच्या दिशेचं आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जगातल्या शोधखर्चापैकी जवळपास निम्मा भाग अगदी नव्या, कोऱ्या जागा तपासण्यावर जायचा. आता तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली आलाय. बाकीचा पैसा चालू खाणीच्या शेजारी किंवा आधीच माहीत असलेल्या ठिकाणी जातो, कारण तिथे परतावा लवकर दिसतो आणि भागधारकांना तेच हवं असतं. मोठ्या कंपन्यांनी साठा वाढवायचा सोपा मार्गही निवडला : दुसरी कंपनीच विकत घ्यायची. न्यूमाँटने २०१९ मध्ये गोल्डकॉर्प आणि २०२३ मध्ये न्यूक्रेस्ट घेतली. खरेदीदाराच्या ताळेबंदात साठा वाढला, जगाच्या हिशोबात एक औंसही नाही.

शोध लागल्यापासून सोनं बाजारात यायला किती वेळ लागतो?

सर्वसाधारणपणे पंधरा वर्षं किंवा जास्त. एका ठिकाणाची गोष्ट पूर्ण सांगतो, कारण वरच्या सगळ्या अडचणी त्यात दिसतात.

इक्वेडोरच्या आग्नेय कोपऱ्यात, पेरूच्या सीमेजवळ कोंदोर पर्वतरांग आहे. तिथे ऑरेलियन ही छोटी कॅनेडियन कंपनी काम करत होती. वर जाड गोटेदार खडकाचं झाकण होतं आणि त्यात सोनं जवळपास नव्हतंच. पण त्या झाकणात आर्सेनिक आणि अँटिमनी नेहमीपेक्षा जास्त आढळलं. सोन्यासोबत वर येणाऱ्या गरम पाण्यात हे धातू असतात आणि ते सोन्यापेक्षा दूरवर पसरतात, म्हणून भूवैज्ञानिक त्यांच्या मागावर राहतात. २००६ मध्ये झाकणाखाली गेलेल्या बोअरला भरघोस सोनं लागलं. या ठिकाणाला फ्रुता देल नॉर्ते नाव मिळालं. पहिला अनुमानित आकडा १ कोटी ३७ लाख औंसाचा होता, म्हणजे सव्वाचारशे टनांच्या आसपास.

एप्रिल २००८ मध्ये इक्वेडोर सरकारने नवा कायदा होईपर्यंत खाणकामाशी संबंधित कामं थांबवली. त्याच वर्षी किनरॉस या मोठ्या कंपनीने ऑरेलियन साधारण सव्वा अब्ज डॉलरच्या घरात विकत घेतली. पाच वर्षं करावरून वाटाघाटी चालल्या. भाव वाढल्यावर होणाऱ्या जादा नफ्यावर सरकारला मोठा हिस्सा हवा होता, कंपनीला ते मान्य नव्हतं. २०१३ मध्ये किनरॉसने काम सोडलं आणि २०१४ मध्ये लुंडिन गोल्डने ते २४ कोटी डॉलरला घेतलं. तोवर एक ग्रॅम सोनंही निघालेलं नव्हतं.

लुंडिनने जागा पुन्हा मोजली, जमिनीखालच्या खाणीचा आराखडा केला आणि २०१६ मध्ये पक्का साठा जाहीर केला : सुमारे ४८ लाख औंस, टनामागे नऊ ग्रॅमहून जास्त. पहिल्या अनुमानाच्या जवळपास एक तृतीयांश. उरलेलं सोनं कुठे गेलेलं नाही, ते खडकातच आहे. पण त्या आराखड्यात आणि त्या भावाला ते काढणं परवडत नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिलं सोनं ओतलं गेलं. शोधानंतर तेरा वर्षांनी.

आज ही खाण वर्षाला सुमारे १५ टन देते आणि जगातल्या उत्तम खाणींत मोजली जाते. पाच वर्षं उपसा झाल्यावरही तिचा पक्का साठा २०१६ च्या आकड्यापेक्षा कमी झालेला नव्हता, कारण दरम्यान शेजारी आणि खाली बोअर मारून भर घातली गेली. पहिल्या प्रश्नातला भागाकार या एका खाणीपुरता केला असता, तर ती दहा वर्षांत संपणार असं उत्तर आलं असतं.

भाव तिप्पट झाला, तरी उत्पादन का वाढलं नाही?

२०१८ मध्ये सोन्याचा सरासरी भाव औंसाला १,२७० डॉलरच्या आसपास होता आणि खाणींतून साडेतीन हजार टनांहून थोडं जास्त सोनं निघालं. २०२५ मध्ये भाव ३,००० डॉलरच्या वर गेला, ऑक्टोबरात ४,००० ओलांडले. या सगळ्या काळात उत्पादन जवळपास तिथेच राहिलं. कांद्याचा भाव वाढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते. सोन्याच्या खाणीचा हंगाम पंधरा वर्षांचा असतो.

शिवाय भाव वाढला की काही खाणी मुद्दाम हलका खडक आधी काढतात, कारण आता तोही परवडतो. गिरणीत रोज जाणारा खडक तेवढाच, पण टनामागचं सोनं कमी. त्यामुळे भाव चढल्यावर त्या खाणीचं उत्पादन थोडं घटतंसुद्धा. खाणीचं आयुष्य वाढतं, वर्षाचा पुरवठा वाढत नाही.

भावाला पटकन साद देते ती छोट्या, बऱ्याचदा बिनपरवान्याच्या खाणकामाची दुनिया : पश्चिम आफ्रिका, अॅमेझॉनचं खोरं, इंडोनेशिया. जगाच्या उत्पादनातला १५ ते २० टक्के वाटा तिथून येतो. हे सोनं अनेक ठिकाणी पारा वापरून वेगळं केलं जातं आणि तो पारा नदीत, माशांत आणि काम करणाऱ्यांच्या अंगात जातो. मोठे शोध आटल्याची किंमत कोण मोजतं हे विचारलं, तर पहिलं उत्तर हेच लोक.

साठा शिल्लक असूनही खाणी बंद का पडतात?

कोलार गोल्ड फील्ड्स म्हणजे केजीएफ हे आपल्या शेजारचं उदाहरण. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे आधुनिक खाणकाम सुरू केलं. विजेसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून तारा ओढल्या गेल्या. एकशे वीस वर्षांत सुमारे ५ कोटी १० लाख टन खडकातून आठशे टन सोनं निघालं. सरासरी काढली तर टनामागे सुमारे १६ ग्रॅम. आजच्या मोजमापाने हे फार श्रीमंत ठिकाण.

पण सरासरीत उतार दिसत नाही. सुरुवातीच्या काळात टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर सोनं मिळत होतं आणि शेवटी ते तीन ग्रॅमच्या आसपास आलं. खाण तोवर ३.२ किलोमीटर खोल गेली होती. त्या खोलीवर खडकावरचा दाब इतका असतो की पोकळी केली की भिंत अचानक स्फोटासारखी फुटते. या खडकस्फोटांनी तिथे अनेक कामगारांचे जीव गेले. माणसं खाली नेणं, हवा पोहोचवणं, पाणी उपसणं, या सगळ्याचा खर्च खोलीबरोबर वाढतो. जागतिक भाव तेव्हा औंसाला पावणेतीनशे डॉलरच्या खाली होता आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. जमिनीखाली सोनं तेव्हाही होतं. बाहेर टाकलेल्या खडकाच्या चुऱ्याचे डोंगर, ज्यांना तिथे सायनाइडचे डोंगर म्हणतात, त्यांतही थोडं सोनं आहे आणि भाव वाढल्यावर आता त्याच डोंगरांकडे पुन्हा लक्ष गेलंय.

हीच गोष्ट मोठ्या पटावर दक्षिण आफ्रिकेत घडली. १९७० मध्ये त्या एका देशाने सुमारे १,००० टन सोनं काढलं. आज ते १०० टनांच्या आसपास आहे. तरी त्याच्या नावावर अजून सुमारे ५,००० टनांचा साठा आहे. तिथली मपोनेंग खाण चार किलोमीटरच्या जवळपास खोल आहे, तळातला खडक ६० अंशांहून गरम असतो आणि काम करता यावं म्हणून खाली बर्फ सोडावा लागतो. साठा किती आहे यावरून वर्षाला किती निघेल हे ठरत नाही.

मग पुढच्या वीस-तीस वर्षांत पुरवठ्याचं काय होईल?

खाणींच्या जाहीर आराखड्यांची बेरीज केली की पाच-सात वर्षांनंतर आलेख कड्यासारखा कोसळतो. हा आलेख पाहून घाबरू नये. त्यात फक्त आज मंजूर झालेलं काम धरलेलं असतं, उद्या होणारी भर नसते. मागच्या प्रत्येक दशकात असा कडा दिसत होता आणि तो पुढे सरकत गेला.

पण या वेळी तो पुढे ढकलायला लागणारा माल वेगळा आहे, असं मला वाटतं. आतापर्यंत ८०-९० च्या दशकातल्या शोधांची पुण्याई पुरली. आता येणारं सोनं दोन जागांहून येईल. एक, चालू खाणींच्या अधिक खोल आणि हलक्या भागांतून. दुसरी जागा म्हणजे वर्षानुवर्षं माहीत असलेली पण न बांधलेली ठिकाणं. अलास्कातलं डॉनलिन, पाकिस्तानातलं रेको डिक, सायबेरियातलं सुखोई लोग ही अशी नावं. सुखोई लोग तर १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. ही ठिकाणं रखडली त्याला कारणं आहेत : रस्ता नाही, वीज नाही, सोनं हलकं, स्थानिक लोकांचा विरोध किंवा राजकारण. चढलेला भाव यांतली काही कारणं दूर करतो, सगळी नाही. रुमानियातलं रोशिया मोंताना लोकांच्या विरोधामुळे थांबलं आणि २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. अलास्कातलं पेबल २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सॅल्मन माशांच्या नद्यांसाठी अडवलं. मला हे निर्णय बरोबर वाटतात. त्यांतलं सोनं मात्र पुरवठ्याच्या बेरजेत धरू नये.

त्यामुळे उत्पादन अचानक कोसळण्यापेक्षा लांबचलांब सपाट राहणं आणि मग सावकाश उतरणं, ही शक्यता मला जास्त वाटते. बदलेल तो खर्च. खाण चालवून एक औंस काढण्याचा सरासरी एकूण खर्च २०१८ मध्ये ९०० डॉलरच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो १,४०० च्या वर गेला. या वाढीत महागाई आणि इंधनाचा वाटा आहे, तसाच हलक्या खडकाचाही.

म्हणजे खाणींमुळेच भाव वाढत राहणार?

असा सरळ अर्थ काढू नये. सोनं वापरून संपत नाही. आजवर काढलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं जवळपास सगळं कुठल्या ना कुठल्या रूपात अस्तित्वात आहे : दागिने, नाणी, बँकांच्या विटा. वर्षाचं खाणीतलं उत्पादन त्यात जेमतेम पावणेदोन टक्क्यांची भर घालतं. उद्या सगळ्या खाणी वर्षभर बंद राहिल्या तरी जगातलं सोनं तेवढंच राहील. म्हणून भाव मुख्यतः ठरतो तो आधीच असलेलं सोनं कोण धरून ठेवतं आणि कोण विकतं यावर. त्यात मध्यवर्ती बँका, व्याजदर, डॉलर आणि लोकांची भीती हे सगळं येतं.

खाणींचं महत्त्व लांब पल्ल्यात आहे. नवी भर कमी पडू लागली की मागणी भागवण्याचा भार मोडीवर येतो. सध्या जगात वर्षाला बाराशे ते चौदाशे टन सोनं मोडीतून परत येतं. भारताची वर्षाची मागणी सात-आठशे टनांची आणि खाणीतून निघणारं सोनं दोन टनांच्याही आत, तेही बहुतेक रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी खाणीतलं. सराफाकडे जुनी पाटली देऊन नवं मंगळसूत्र घडवणं हा आपल्याकडे पुरवठ्याचा खराखुरा स्रोत आहे, आणि जगभरात त्याचा वाटा वाढत जाईल.

समुद्रात भरपूर सोनं विरघळलेलं आहे म्हणतात. ते का काढत नाहीत?

फार विरळ आहे. अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे दहा कोटी टन पाण्यामागे एक ग्रॅम. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९२० च्या दशकात पहिल्या महायुद्धाची भरपाई फेडायला हा मार्ग करून पाहिला आणि प्रमाण मोजल्यावर सोडून दिला.

कंपनी "प्रचंड शोध" जाहीर करते तेव्हा तो खरा आहे हे कसं ओळखायचं?

ब्रे-एक्सचं प्रकरण आठवावं. या कॅनेडियन कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे जगातलं एक सर्वांत मोठं ठिकाण सापडल्याचा दावा केला. सात कोटी औंसापर्यंत आकडे गेले आणि शेअर आकाशाला भिडले. १९९७ मध्ये भागीदार म्हणून आलेल्या फ्रीपोर्टने कंपनीच्या बोअरशेजारी स्वतःचे बोअर मारले. सोनं जवळपास नव्हतंच. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं गेलं होतं. खुणा आधीपासून होत्या : कोअर चिरून अर्धा जपून ठेवायची पद्धत आहे, इथे जवळपास सगळा कोअर चुरून टाकला जात होता, त्यामुळे फेरतपासणीला काही उरतच नव्हतं. आणि नमुन्यांतले सोन्याचे कण नदीत घासून आल्यासारखे गोलसर होते, खडकातून ताजे निघालेले असतात तसे नाही.

यानंतर कॅनडाने २००१ मध्ये साठे जाहीर करण्याचे कडक नियम आणले. मात्र त्याआधीच लहान शोधकंपन्यांवरचा विश्वास उडाला, त्यात सोन्याचा भाव पडला आणि काही वर्षं कोऱ्या जागांवरच्या शोधाला पैसाच मिळेना. आजच्या दुष्काळाचा एक धागा तिथपर्यंत जातो.

महाराष्ट्रात मोठं सोनं सापडण्याची शक्यता आहे का?

विदर्भात नागपूर-भंडाऱ्याच्या जुन्या खडकांत जीएसआयला सोन्याच्या खुणा मिळालेल्या आहेत, पण त्या मोठ्या खाणीच्या आकाराच्या नाहीत. उरलेल्या महाराष्ट्राचा प्रश्न झाकणाचा आहे. कोलार आणि हट्टी ज्या प्राचीन धारवाडी खडकांत आहेत, ते उत्तरेकडे संपत नाहीत, आपल्या काळ्या पाषाणाखाली शिरतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी मारलेल्या बोअरला ३३८ मीटर बेसॉल्टनंतर तो जुना खडक लागला. कोयना भागात काही ठिकाणी त्यासाठी हजार मीटरच्या आसपास किंवा जास्त खाली जावं लागलं. खाली सोन्याची शीर असली तरी तिच्यासोबतचं आर्सेनिक वर मातीत येणार नाही, कारण लाव्हा त्या सगळ्यानंतर अब्जावधी वर्षांनी पसरलाय. म्हणजे कुठे बोअर मारायचा याचा पृष्ठभागावर काहीच माग नाही. गुरुत्व आणि चुंबकीय मोजणीतून खालच्या पट्ट्यांचा आकार साधारण कळतो, सोनं कळत नाही. त्या आकारावर भरवसा ठेवून तीनशे-चारशे मीटर लाव्हा भेदणारे बोअर मारण्याइतका खर्च आज कोणी करायला तयार नाही, आणि सध्याच्या पद्धती पाहता ते समजण्यासारखं आहे.